समोरच्या गाडीला इन्शुरन्स नाही? बेळगाव भागात नुकसानभरपाई कशी वसूल करायची

माझ्या मावसभावाला खानापूर रोडवर एका पिकअपने उडवलं. उजव्या पायाची नळी मोडली, बाईकचा पुढचा भाग गेला. चूक पिकअपवाल्याची, हे पंचनाम्यातच आलं होतं. पण गाडीची पॉलिसी कधीच संपली होती. भाऊ प्लॅस्टरमध्ये असल्याने पोलिस स्टेशन, आरटीओ आणि कोर्टाची सगळी धावपळ माझ्याकडे आली. त्यातून जे समजलं ते इथे क्रमाने लिहितोय.

आधी एक गोष्ट डोक्यात पक्की करा. इन्शुरन्स असलेल्या केसमध्ये निकाल लागला की कंपनी चेक जमा करते. इन्शुरन्स नसलेल्या केसमध्ये निकाल हातात पडतो आणि तिथून खरी कसरत सुरू होते, कारण पैसे मालकाच्या खिशातून काढायचे असतात. त्यामुळे पहिल्या दिवसापासून लक्ष दोन गोष्टींवर ठेवायचं: जप्त झालेली गाडी आणि मालकाची इस्टेट.

१. पॉलिसी खरंच नाही ना, हे आधी तपासा

ड्रायव्हर "इन्शुरन्स नाही" म्हणाला म्हणून मान्य करू नका आणि "आहे" म्हणाला तरी विश्वास ठेवू नका. `mParivahan` ॲपमध्ये गाडीचा नंबर टाकला की इन्शुरन्सची शेवटची तारीख दिसते. ती नेहमी ताजी असतेच असं नाही. म्हणून इन्शुरन्स इन्फॉर्मेशन ब्युरोच्या वेबसाइटवरही नंबर आणि अपघाताची तारीख टाकून बघा. त्याशिवाय आरटीओतून गाडीचा बी एक्सट्रॅक्ट काढा. मालकाचं नाव, पत्ता आणि फायनान्स कंपनीचा बोजा, सगळं त्यात मिळतं.

इथे तीन प्रकार नीट ओळखायला हवेत, कारण प्रत्येकात पैसे देणारा वेगळा.

पॉलिसी चालू आहे पण ड्रायव्हरकडे योग्य लायसन्स नाही, असं असेल तर ती इन्शुरन्स नसलेली केस नव्हे. अशा वेळी कोर्ट बहुतेक वेळा कंपनीला तुमचे पैसे आधी द्यायला लावतं आणि मग मालकाकडून वसूल करून घ्यायला सांगतं. कंपनी तुम्हाला पहिल्याच पत्रात "आमची जबाबदारी नाही" म्हणेल. त्या पत्राने घाबरून जाऊ नका.

दुसरा प्रकार, प्रीमियमचा चेक बाऊन्स झाला म्हणून कंपनीने पॉलिसी रद्द केली. रद्द केल्याचं अपघाताच्या आधी मालकाला कळवलं नसेल तर तिसऱ्या माणसाच्या बाबतीत कंपनी सुटत नाही. सर्वोच्च न्यायालयाने २०१२ मध्ये लक्ष्मम्मा प्रकरणात हे स्पष्ट केलं आहे. म्हणून "पॉलिसी कॅन्सल" हा शब्द ऐकला की कधी कॅन्सल केली आणि कुणाला कळवलं, हे दोन प्रश्न वकिलाकरवी विचारायला लावा.

तिसरा प्रकार सगळ्यात चलाख. अपघात सकाळी होतो आणि मालक दुपारी ऑनलाइन पॉलिसी काढतो. मग पोलिसांना तीच दाखवतो. तारीख तीच असते, म्हणून पटकन खपून जाते. पॉलिसीवर तारखेबरोबर वेळही छापलेली असते. ती वेळ एफआयआरमधल्या अपघाताच्या वेळेशी ताडून बघा. अपघातानंतरची पॉलिसी त्या अपघाताला लागू होत नाही, आणि हे उशिरा उघडकीला आलं तर तोपर्यंत गाडी सुटून गेलेली असते.

आणखी एक गैरसमज. "हिट अँड रनचे दोन लाख मिळतील" असं सांगणारे भेटतात. ती योजना गाडी सापडतच नाही अशा अपघातांसाठी आहे: मृत्यू झाल्यास दोन लाख, गंभीर जखमेला पन्नास हजार. गाडीचा नंबर माहीत आहे, फक्त इन्शुरन्स नाही, तर ती लागू नाही. दवाखान्याच्या खर्चासाठी मात्र मे २०२५ पासून केंद्र सरकारची कॅशलेस योजना आहे. नेमलेल्या दवाखान्यात अपघातापासून सात दिवसांपर्यंत, दीड लाखांपर्यंतचे उपचार त्यात बसतात. ॲडमिट करतानाच काउंटरवर विचारा, डिस्चार्जच्या दिवशी विचारून उपयोग नाही.

२. एफआयआर आणि पोलिसांचे कागद

एफआयआर कन्नडमध्ये होते. तुमची तक्रार तुम्ही मराठीत सांगितली तरी लिहिली जाते कन्नडमध्ये, आणि खाली सही तुमची. म्हणून सही करण्याआधी कन्नड वाचणारा कुणीतरी सोबत न्या आणि निदान चार गोष्टी वाचून घ्या: गाडीचा नंबर, अपघाताची वेळ, जागा आणि कुणाच्या चुकीने झाला. आमच्या भागात केए २२, केए २३ आणि एमएच ०९ एकाच रस्त्यावर धावतात. नंबर ऐकून लिहिताना राज्याचं अक्षरच बदललं, असंही होतं.

पोलिसांना लेखी अर्ज द्या की समोरच्या गाडीला इन्शुरन्स नाही, म्हणून मोटर वाहन कायद्याचं कलम १४६ आणि १९६ लावावं. त्या कलमाचा दंड तुम्हाला मिळणार नाही. पण ते कलम चार्जशीटमध्ये आलं की पॉलिसी नव्हती हे पोलिसांनीच कागदावर मान्य केलं, असा त्याचा अर्थ होतो. अर्जाच्या दुसऱ्या प्रतीवर शिक्का आणि तारीख घ्यायला विसरू नका.

जमवायचे कागद असे:

- एफआयआर आणि तक्रारीची प्रत
- घटनास्थळाचा पंचनामा आणि नकाशा
- ब्रेक इन्स्पेक्टरचा रिपोर्ट
- वूंड सर्टिफिकेट आणि डिस्चार्ज कार्ड
- मेडिकलची मूळ बिलं आणि एक्स-रे
- गाडीचा बी एक्सट्रॅक्ट आणि ड्रायव्हरच्या लायसन्सची माहिती
- पगारपत्रक किंवा कमाईचा दुसरा पुरावा, बँक पासबुक
- वय दाखवणारा कागद (वयावर रक्कम ठरते, पुढे सांगतो)
- स्वतःच्या गाडीचं रिपेअरिंगचं बिल आणि फोटो
- चार्जशीट, ती दाखल झाल्यावर

३. जप्त गाडी सुटू देऊ नका

या लेखातलं एवढं एकच वाचणार असाल तर हे वाचा.

अपघातातली गाडी पोलिस जप्त करतात. ब्रेक इन्स्पेक्टरने तपासली की मालक कोर्टात अर्ज टाकतो, "गाडी उन्हापावसात खराब होतेय, बॉण्डवर सोडा." इन्शुरन्स असलेली गाडी अशी लगेच सुटते आणि त्यात गैर काही नाही. पण इन्शुरन्स नसलेल्या गाडीसाठी नियम वेगळा आहे. सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये उषा देवी प्रकरणात सगळ्या राज्यांना असा नियम करायला सांगितलं, आणि कर्नाटकच्या मोटर वाहन नियमांत तो २३२-जी म्हणून आहे. त्याचा सरळ अर्थ असा: जी गाडी थर्ड पार्टी पॉलिसीखाली नाही, ती सोडायची तर आधी मालकाने पुढे मंजूर होणाऱ्या भरपाईसाठी पुरेशी सिक्युरिटी द्यायची. दिली नाही, तर ठरावीक मुदतीनंतर मॅजिस्ट्रेट गाडीचा जाहीर लिलाव करतात आणि पैसे क्लेम ट्रिब्युनलकडे जमा होतात.

नियम आहे म्हणून तो आपोआप लागू होतो, असं मात्र नाही. मालकाच्या अर्जाबरोबर जुन्या पॉलिसीची झेरॉक्स लावलेली असते, सरकारी वकिलाकडे त्या दिवशी ढीगभर फाइली असतात आणि तुम्हाला कुणी कळवत नाही. म्हणून पोलिस स्टेशनमध्ये विचारून एफआयआर कोणत्या मॅजिस्ट्रेट कोर्टात गेली ते काढा. तिथे वकिलामार्फत हरकत दाखल करा: मी जखमी आहे, गाडीला इन्शुरन्स नाही, नियम २३२-जी लागू आहे. सरकारी वकिलांनाही एक प्रत द्या. हे अपघातानंतर पहिल्या काही दिवसांतच व्हायला हवं, कारण गाडी सोडवायला मालक थांबत नाही.

सिक्युरिटी म्हणजे काय, यावरही भांडावं लागतं. स्टॅम्प पेपरवर "मी भरपाई देईन" असं लिहून दिलेलं म्हणजे नुसता कागद. बँकेची मुदत ठेव, बँक गॅरंटी किंवा जामीनदाराचा जमिनीचा उतारा, यातलं काहीतरी मागा. उतारा दिला तर त्यावर आधीच कर्जाचा बोजा आहे का ते तपासा.

आमच्या केसमध्ये पिकअप भाजी व्यापाऱ्याकडे होती, म्हणजे त्याचा रोजचा धंदा त्या गाडीवर. गाडी बंद राहिली की त्याचं नुकसान. याचा फायदा झाला. कोर्टाने सिक्युरिटी मागितल्यावर त्याने तीन लाखांची मुदत ठेव जमा केली आणि गाडी नेली. त्या तीन लाखांशिवाय पुढचं सगळं फार अवघड गेलं असतं.

याच काळात मिटवामिटवीचे निरोप येतात. गावातले चार मोठे लोक घरी येतात, "पन्नास हजार घ्या आणि सही करा" म्हणतात. येणाऱ्यांना चहा द्या, सही देऊ नका. मिटवायचंच असेल तर क्लेम दाखल झाल्यावर लोकअदालतीत मिटवा. तिथला निवाडा कोर्टाच्या हुकुमासारखा वसूल करता येतो. त्यातही रक्कम हप्त्यांनी ठरत असेल तर एक हप्ता चुकला की सगळी बाकी व्याजासह एकदम, असं लिहून घ्या.

४. कुणाकुणाला पार्टी करायचं

आमच्या पिकअपचा नंबर एमएच ०९. बी एक्सट्रॅक्टवर चंदगड तालुक्यातल्या एका माणसाचं नाव. त्याला फोन केला तर म्हणाला, "गाडी मी कधीच विकली, मला काय विचारता?" विकली होती, पण टीसी, म्हणजे आरटीओत नावाची बदली, केली नव्हती. व्यापारी वर्षानुवर्षं तशीच चालवत होता.

सीमेवर हे फार चालतं. एका राज्याची गाडी दुसऱ्या राज्यात नावावर करायची म्हणजे एनओसी आणि टॅक्स आला, म्हणून लोक टाळतात. कायदा मात्र अशा वेळी तुमच्या बाजूने आहे. नवीन कुमार प्रकरणात (२०१८) सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की आरटीओच्या दप्तरी ज्याचं नाव, तोच मालक, तोच जबाबदार. त्याने पुढे विकत घेणाऱ्याकडून वसूल करावं, जखमी माणसाने दारोदार फिरायचं नाही.

तरीही क्लेममध्ये तिघांचीही नावं घाला: ड्रायव्हर, दप्तरी मालक आणि प्रत्यक्ष वापरणारा. ड्रायव्हरकडे सहसा काही नसतं. पण दप्तरी मालकाची जमीन असते आणि वापरणाऱ्याचा धंदा असतो.

अपघातात आणखी एखादी गाडी गुंतली असेल, आणि तिची थोडीशी जरी चूक असेल, तर तिच्या इन्शुरन्स कंपनीलाही पार्टी करा. विशेषतः तुम्ही दुसऱ्याच्या बाईकवर मागे बसला होता आणि तुमच्या बाईकवाल्याचीही काही चूक निघत असेल, तर त्याच्या पॉलिसीत मागे बसणारा बसतो का ते बघा. इन्शुरन्स कंपनी एक जरी सापडली तरी वसुलीचं अर्धं काम झालं.

५. क्लेम कुठे आणि कधी

क्लेम मोटर अपघात ट्रिब्युनलमध्ये कलम १६६ खाली दाखल होतो. आपल्याकडे त्याला एमव्हीसी केस म्हणतात. अपघात जिथे झाला तिथे, तुम्ही राहता तिथे किंवा समोरचा राहतो तिथे, यातलं कुठलंही ठिकाण तुम्ही निवडू शकता. मालक चंदगडचा म्हणून कोल्हापूर जिल्ह्यात जायची गरज नाही. उलट, अपघात चंदगडजवळ झाला आणि तुम्ही बेळगावचे असाल, तरी केस बेळगावात चालते.

१ एप्रिल २०२२ पासून कायद्यात सहा महिन्यांची मुदत आली आहे. तिला सर्वोच्च न्यायालयात आव्हान दिलेलं आहे, पण त्या भरवशावर बसू नका. चार्जशीट यायची वाट बघत लोक मुदत घालवतात. एफआयआर आणि दवाखान्याचे कागद असले की क्लेम दाखल करा, चार्जशीट नंतर जोडता येते.

वकिलाची फी आधी ठरवा. "जेवढे मिळतील त्यातले इतके टक्के" असा करार वकिलांच्या नियमांत बसत नाही. महिला, अनुसूचित जाती-जमाती आणि कमी उत्पन्न असलेल्यांना जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडून मोफत वकील मिळतो. ते ऑफिस कोर्ट कंपाउंडमध्येच असतं.

६. रक्कम कशी ठरते

भाऊ चौतीस वर्षांचा, उद्यमबागेत फाउंड्रीत कामाला, पगार महिना १८,००० रुपये. आकडे थोडे गोल करून सांगतो.

डॉक्टरांनी पायाचं अपंगत्व ३० टक्के लिहिलं. लोकांना वाटतं कमाईचं नुकसान ३० टक्के धरतील. तसं होत नाही. एका पायाचं अपंगत्व म्हणजे पूर्ण माणसाचं नव्हे, म्हणून आपल्या कोर्टांत बहुधा त्याचा तिसरा हिस्सा धरतात. म्हणजे १० टक्के. त्याचं काम उभं राहून, वजन उचलून करायचं असेल तर हा आकडा वाढवून मागता येतो. पण त्यासाठी डॉक्टरांना साक्षीला यावं लागतं आणि कामाचं स्वरूप पुराव्यात आणावं लागतं. शक्यतो ऑपरेशन केलेल्या डॉक्टरांनाच बोलवा. नुसतं सर्टिफिकेट देणाऱ्या डॉक्टरांची उलटतपासणी अवघड जाते.

वयाप्रमाणे गुणक ठरलेला आहे. ३१ ते ३५ वयाला १६. म्हणजे वर्षाचे २,१६,००० गुणिले १६, त्याचे १० टक्के: ३,४५,६०० रुपये. त्यात दवाखाना १,८०,०००, तीन महिने घरी बसल्याचे ५४,०००, वेदनेचे ५०,०००, आयुष्यातल्या सुखसोयी गेल्याचे ४०,०००, खाणंपिणं आणि सोबत राहणाऱ्याचा खर्च २०,०००, बाईकचे ३८,०००. एकूण ७,२७,६००. बाईकचे पैसे तुमच्या स्वतःच्या पॉलिसीतून आधीच घेतले असतील तर ते पुन्हा मिळत नाहीत.

वर क्लेम दाखल झाल्यापासून व्याज. सहा टक्के धरलं तर वर्षाला ४३,६५६. दोन वर्षांनी सगळं मिळून ८,१४,९१२. त्यातले तीन लाख मुदत ठेवीतून. उरले ५,१४,९१२, आणि ते वसूल करायचे चंदगडच्या मालकाकडून किंवा व्यापाऱ्याकडून.

चूक सिद्धच होत नसेल तर कलम १६४ आहे. त्यात चूक कुणाची हे विचारत नाहीत. मृत्यूला पाच लाख, गंभीर जखमेला अडीच लाख, आणि इन्शुरन्स नसेल तर ते मालकाने द्यायचे. साक्षीदार नसलेल्या केसमध्ये हा आधार मोठा. आमच्याकडे पंचनामा भक्कम होता, म्हणून तिकडे गेलो नाही.

७. निकालानंतरची दरखास्त

निकालाची प्रत मिळाली आणि दिलेल्या मुदतीत पैसे आले नाहीत, तर दरखास्त, म्हणजे निकालाच्या वसुलीचा अर्ज, दाखल करायची. मालकाची इस्टेट शोधणं हे तुमचं काम, कोर्टाचं नव्हे. ते केस चालू असतानाच करून ठेवा. कर्नाटकातली जमीन असेल तर `Bhoomi` वर उतारा दिसतो. चंदगड, गडहिंग्लज, कागल अशा पलीकडच्या जमिनीचा सातबारा `Mahabhumi` वर मिळतो. गावात विचारून गट नंबर काढलात की बाकी सोपं. केस चालू असताना मालक जमीन भावाच्या किंवा बायकोच्या नावावर करतोय असं दिसलं, तर फेरफाराची नोंद काढून लगेच वकिलाकडे द्या. निकालाआधी जप्तीचा अर्ज करताना तोच कागद कामाला येतो.

जमीन दुसऱ्या राज्यात असेल तर बेळगावचं कोर्ट ती स्वतः विकू शकत नाही. दरखास्त तिथल्या कोर्टाकडे वर्ग करून घ्यावी लागते आणि तिथे दुसरा वकील लागतो. सोबत जाणारे कन्नड कागद इंग्रजी भाषांतरासह तयार ठेवा, नाहीतर पहिली तारीख त्यातच जाते. दुसरा मार्ग कलम १७४ चा: ट्रिब्युनलकडून वसुलीचा दाखला मागायचा आणि तो कलेक्टरकडे द्यायचा. मग ती रक्कम जमीन महसुलाच्या थकबाकीसारखी वसूल होते. तलाठ्याने सातबाऱ्यावर बोजा चढवला की मालक स्वतःहून फोन करतो, कारण बोजा असलेल्या जमिनीवर सोसायटी कर्ज देताना अडते.

जप्त काय होत नाही तेही माहीत असू द्या. शेतकऱ्याचं राहतं घर आणि शेतीची अवजारं सुटतात. पगारदार असेल तर पगारातले पहिले हजार रुपये आणि उरलेल्याचे दोन तृतीयांश सोडून बाकीच जप्त होतं. तुरुंगात टाकायचं म्हटलं तर त्याची ऐपत आहे आणि तो मुद्दाम देत नाही, हे तुम्हाला दाखवावं लागतं.

मालक अपिलात गेला तर त्याला आधी २५,००० किंवा निम्मी रक्कम, यातलं जे कमी ते भरावं लागतं. नुसतं अपील केल्याने वसुली थांबत नाही, त्यासाठी वेगळा स्थगिती हुकूम लागतो. "अपील केलंय" म्हणून तो टाळत असेल तर स्थगितीची प्रत मागा. आणि आज त्याच्याकडे काहीच नसेल, तरी दरखास्तीला निकालापासून बारा वर्षं मिळतात. वडिलोपार्जित जमिनीची वाटणी झाली, नवीन गाडी घेतली, प्लॉट घेतला, की पुन्हा उतारा काढा.